ट्रेलिंग स्टॉपवर सगळे सोडावे की निकालाआधी अर्धे विकावे?

शेअर वर गेलाय, नफा कागदावर दिसतोय, आता तो सांभाळायचा कसा? एक तर ट्रेलिंग स्टॉप-लॉस, म्हणजे भावामागोमाग वर सरकणारा विक्रीचा स्टॉप, लावून मोकळे व्हायचे. नाहीतर तिमाही निकालाआधी अर्धे शेअर स्वतः विकायचे आणि उरलेल्यांनाच तो स्टॉप ठेवायचा. मी बरीच वर्षे पहिल्या वाटेने गेलो, हल्ली दुसरीने जातो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

ट्रेलिंगचे कौतुक आधी करतो. २१०ला घेतलेल्या एका शेअरला मी १२ रुपयांचे अंतर दिले होते. भाव चढला की स्टॉप मागोमाग चढायचा, भाव उतरला की असेल तिथेच थांबायचा. भाव २६८ला टेकला तेव्हा स्टॉप २५६वर आला होता. मग दोन-तीन दिवस भाव हळूहळू उतरत गेला आणि २५५.८०ला माझे शेअर विकले गेले. मी हाताने विकणार असतो, तर ‘उद्या सावरेल’ म्हणत २३०पर्यंत बसून राहिलो असतो. स्वतःचा स्वभाव स्वतःला माहीत असतो.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्या घसरणीत २५६च्या आसपास प्रत्येक पायरीला घेणारा उभा होता. स्टॉप म्हणजे हमीभाव नव्हे. भाव तिथवर आला की विक्रीची ऑर्डर बाजारात सोडायची, एवढेच त्याचे काम. मधल्या पायऱ्याच गायब झाल्या तर?

तसेच झाले. दुसऱ्या एका कंपनीचे १०० शेअर ४००ने घेतले होते. ५६०चा उच्चांक, ४० रुपयांचे अंतर, म्हणजे स्टॉप ५२०. ऑर्डर रात्रभर टिकणारी होती. ट्रिगर झाल्यावर ती ५१७ची लिमिट ऑर्डर, म्हणजे ५१७च्या खाली न विकणारी, पाठवणार होती. बाजार ५५२वर बंद झाला. हिशेबाने निदान ११,७०० रुपये पक्के. चवथीच्या खर्चाची सोय झाली, असे मी घरी सांगूनही टाकले.

संध्याकाळी निकाल आला, वाईट. सकाळी मी चोडणहून रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीत स्कूटरला टेकून उभा होतो. सव्वानऊला बाजार उघडला आणि ट्रिगर झाल्याचा मेसेज आला. सुटलो, असे वाटून फोन खिशात टाकला. पणजीला ऑफिसात पोहोचल्यावर पाहतो तर ऑर्डर ‘पेंडिंग’. भाव उघडलाच होता ४६२ला. ५५२ आणि ४६२ यांच्या मध्ये एकही सौदा झाला नव्हता आणि माझी ऑर्डर ५१७च्या खाली विकायला तयार नव्हती. ४६२चा माल ५१७ला कोण घेणार? ती रद्द करून मी ४४९ला बाहेर पडलो. हाती आले ४,९००.

तोट्यापेक्षा मला तो मेसेज जास्त खुपला. ट्रिगर झाला याचा अर्थ विकले गेले असा नाही, हे मला माहीत होते, तरी मी फसलो. लिमिटऐवजी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकणारी, गेली असती तर ४६२च्या जवळपास सुटलो असतो, म्हणजे सहा हजारांच्या आसपास. बरे झाले असते, पण ११,७०० नव्हेच. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या ठरलेल्या किमान भावाला, अडकला आणि समोर घेणाराच नसला, तर मार्केट ऑर्डरही रांगेतच बसते. अंतर कमी करूनही उपयोग नाही. ४०ऐवजी २० ठेवले असते तरी भाव ४६२लाच उघडला असता, वर एरवीच्या चढउतारात शेअर उगाच हातचे गेले असते.

आता दुसरी वाट याच आकड्यांवर. आदल्या दिवशी ५० शेअर ५५२ला विकले असते तर ७,६०० हाती. उरलेले ५०, स्टॉपवर मार्केट ऑर्डर धरून, ४६२ला गेले असते तर आणखी ३,१००. एकूण १०,७००, दलाली आणि कर सोडून.

तिची किंमतही आहे. निकाल चांगला लागून शेअर ६१०ला उघडला असता, तर आधी विकलेल्या ५०वर २,९०० रुपये हुकले असते आणि मी चार दिवस चरफडलो असतो. निकालाची तारीख लक्षात ठेवायची कटकट वेगळी. शिवाय अचानक आलेल्या बातमीला तारीख नसते. तिथे दोन्ही वाटा सारख्याच उघड्या.

रोज स्क्रीनसमोर बसणारा आणि संध्याकाळी सगळे विकून उठणारा असेल, तर त्याला बहुधा ट्रेलिंग पुरेल. रात्रीची दरी त्याच्या वाट्याला येत नाही. माझ्यासारखा महिनोन्महिने शेअर धरणारा आणि सव्वानऊला फेरीबोटीत असणारा असेल, तर मी म्हणेन अर्धे आधी काढा. आता शेअर घेतला की निकालाची तारीख घरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहितो. बायको विचारते, हा कसला उपास?