टाइप वन की टाइप टू? कार्बन डायऑक्साइड बघा

रेस्पिरेटरी फेल्युअर, म्हणजे श्वसन निकामी होणे, याचे टाइप वन आणि टाइप टू असे दोन प्रकार. दोन्ही प्रकारांत धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन सहसा ६० मिमी पाऱ्याच्या खाली असतो, त्यामुळे नुसत्या ऑक्सिजनवरून प्रकार ठरत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाचा ऑक्सिजन ५२ आणि कार्बन डायऑक्साइड ३० आला, तर तो टाइप वन: फुफ्फुसाचा काही भाग निकामी, पण धापा टाकत तो कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतोय. सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट फुफ्फुसविकाराच्या रुग्णाचा ऑक्सिजन तोच ५२, पण कार्बन डायऑक्साइड ६८, म्हणजे ४५ या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या बराच वर. श्वासच अपुरा पडतोय; हा टाइप टू. याला ऑक्सिजन बेतानेच, रक्तातली ऑक्सिजनची संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राहील इतकाच द्यायचा.

फसगत होते ती पहिल्या रुग्णात. काही तासांनी ३० चे ४२ झाले की रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो. पण धाप तशीच असेल तर श्वासाचे स्नायू थकताहेत आणि रुग्ण टाइप टूकडे सरकतोय.