कॅश फ्लो: यादी पाठ करावी की खातं उघडावं?

कॅश फ्लोच्या गणितात बाबी ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंगमध्ये टाकायला दोन पद्धती चालतात. पहिली यादीची: धनको वाढले की ऑपरेटिंग, यंत्र घेतलं की इन्व्हेस्टिंग, डिबेंचर फेडले की फायनान्सिंग. दुसरी पद्धत म्हणजे ताळेबंदातल्या ज्या आकड्यात फरक पडलाय त्याचं खातं वर्किंग नोटमध्ये उघडायचं आणि पैसे नेमके कशापायी आले-गेले ते पाहायचं. सीए इंटरची तयारी मी यादीवर सुरू केली आणि मध्येच खात्यांकडे वळलो.

यादीला कमी लेखू नका. एका गुणाच्या प्रश्नात खातं उघडत बसायला वेळ नसतो. शिवाय काही ठिकाणी खातं काहीच सांगत नाही. व्याज हे त्याचं ठळक उदाहरण. आपल्याकडे एएस ३ असो वा इंड एएस ७, साध्या उत्पादक किंवा व्यापारी कंपनीने दिलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये जातं, मिळालेलं व्याज आणि लाभांश इन्व्हेस्टिंगमध्ये. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर दिलेलं व्याज, मिळालेलं व्याज आणि लाभांश हे तिन्ही ऑपरेटिंगमध्ये. हा ठरवून दिलेला नियम आहे, तो पाठच करावा लागतो. अमेरिकन व्हिडिओ पाहून अभ्यास करणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो, कारण तिकडे दिलेलं व्याजही ऑपरेटिंगमध्ये धरतात.

माझं मन मात्र एका यंत्राच्या गणिताने बदललं. यंत्रसामग्री मूळ किमतीने सुरुवातीला ५,००,००० आणि अखेरीस ६,२०,००० रुपये. टीप अशी: ८०,००० चं एक यंत्र, ज्यावर ५०,००० घसारा साचला होता, ३६,००० ला विकलं. यादीवाला दोन आकड्यांतला फरक घेतो आणि १,२०,००० ची खरेदी लिहून मोकळा होतो. खातं उघडलं की ५,००,००० मधून विकलेले ८०,००० जातात, उरतात ४,२०,०००. अखेरची शिल्लक ६,२०,००० यायची तर खरेदी २,००,००० ची हवी. विक्रीवरचा नफा ६,००० ऑपरेटिंगमधून वजा होतो आणि आलेले पूर्ण ३६,००० इन्व्हेस्टिंगमध्ये बसतात.

ही चूक तरी पकडता येते, कारण अखेरची रोख ८०,००० ने जुळत नाही. मला छळलं ते पुढच्या टिपेने. धनको १,५०,००० वरून १,९०,००० झाले होते, आणि त्यात नव्या यंत्राच्या विक्रेत्याचे ४०,००० देणे होते. मी यादीप्रमाणे धनकोंची वाढ म्हणून ४०,००० ऑपरेटिंगमध्ये जमा धरले आणि यंत्रापोटी पूर्ण २,००,००० इन्व्हेस्टिंगमधून गेले असं लिहिलं. शेवटची रोख तंतोतंत जुळली. समाधानाने पान उलटलं आणि सराव पेपरात त्या प्रश्नाचे बरेच गुण गेले.

खरं तर यंत्रापोटी रोख गेली १,६०,०००, आणि मालाच्या धनकोंमध्ये काहीच फरक नव्हता. उधारीचा भाग त्या वर्षीच्या कॅश फ्लोमध्ये येतच नाही. एका ठिकाणी ४०,००० जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी तितकेच कमी, म्हणून बेरीज तीच. वर्गवारी चुकली तर टॅली कधीच ओरडत नाही, आणि यादीवाल्याकडे टॅलीखेरीज दुसरी तपासणीच नसते. त्यात धंद्यातून ४०,००० जास्त मिळाले असं दिसतं. पुढच्या वर्षी ते देणं फेडलं की धनको घटतात आणि धंद्याची रोख उगाच आटल्यासारखी वाटते.

धनकोंचं खातं उघडलं की ही चूक होणं अवघड असतं, कारण प्रत्येक रकमेसमोर 'हे देणं कशाचं' ते लिहावंच लागतं. कंपन्यांच्या ताळेबंदातही भांडवली खरेदीचे धनको बहुधा मालाच्या धनकोंपासून वेगळे, इतर देण्यांत दाखवतात. परीक्षेत ते एकत्र देऊन टिपेत लपवतात.

खात्यांना वेळ लागतो हे मान्य. मला एका खात्याला चार-पाच मिनिटं लागायची, आता दोनेक पुरतात. तुमचा पेपर बहुपर्यायी असेल, तर यादी कदाचित पुरेल. लेखी पेपर असेल तर मी म्हणेन, व्याज-लाभांशापुरती यादी ठेवा आणि यंत्र, साचलेला घसारा आणि धनको ही तीन खाती, आकड्यांतला फरक कितीही सरळ दिसला तरी, टिपा वाचता वाचताच उघडा.