मधे भोक की भरीव? फिरणाऱ्या जाड डिस्कचा हिशोब

फर्मागुडीला शिकणारी दोन पोरं टेस्ट रिगसाठी फ्लायव्हील करून घेतायत, आणि कुंडईचा टर्नरदादा म्हणतो मधे भोक पाडून शाफ्ट ठोकूया, सोपं पडेल. सोपं पडेल हे खरंच, पण ताणाचं काय होतं ते आधी बघा.

समजा डिस्क स्टीलची, व्यास ४०० मिमी, जाडी ८० मिमी, स्पीड ६००० आरपीएम. भरीव असेल तर सगळ्यात जास्त ताण बरोब्बर मध्यावर, साधारण ५१ मेगापास्कल, आणि तिथे त्रिज्येच्या दिशेचा आणि परिघाच्या दिशेचा गोल असे दोन्ही ताण सारखेच असतात. आता मधे ६० मिमीचं भोक पाडा. भोकाच्या कडेला आतून ओढायला मटेरियलच उरलं नाही म्हणून त्रिज्येचा ताण शून्य, आणि गोल ताण जातो थेट १०३ वर, म्हणजे दुप्पट. भोक लहान ठेवलं तर वाचू असं बऱ्याच जणांना वाटतं, पण सुईएवढं भोक असलं तरी १०२ येतो आणि २०० मिमीचं केलं तर १०८, म्हणजे फरक पडतो तो भोक असण्या-नसण्याने, साईजने फार नाही. जाडीची भीती नको, ८० मिमीला मधल्या थरात अर्धाएक मेगापास्कल वाढतो इतकंच.

साध्या स्टीलची यील्ड, म्हणजे स्टील कायमचं ताणलं जायला लागतं तो ताण, २५० धरली तर १०३ चालेल की, असं म्हणाल. पण कीवे, म्हणजे डिस्क शाफ्टवर घसरू नये म्हणून किल्लीसाठी खाच, कापला की तिच्या कोपऱ्यात ताण सहज दुपटीच्या वर जातो, आणि रिग रोज चालू-बंद होणार असेल तर क्रॅक तिथूनच सुरू होणार. कीवे टाळून श्रिंक फिट केलंत, म्हणजे डिस्क तापवून शाफ्टवर घट्ट बसवलीत, तर त्याचा ताण या १०३ वर आणखी चढतो, शिवाय ६००० ला भोकाचा व्यास स्वतःच ०.०३ मिमी फुगतो, तेव्हा फिट तेवढाच टाइट ठेवला तर फुल स्पीडला डिस्क शाफ्टवर सैल होणार. ही गोष्ट ड्रॉइंगवर दिसत नाही, मला तरी हाच सगळ्यात मोठा धोका वाटतो.

भोकाच्या बाजूनेही बोलायला हवं. स्टील चिवट असेल तर कडेचं मटेरियल आधी यील्ड होऊन लोड बाहेरच्या भागाला देतं, त्यामुळे डिस्क फुटण्याचा स्पीड भरीवपेक्षा ८ टक्क्यांच्या आसपासच कमी, ताण दुप्पट असूनही. कास्ट आयर्नला ही सवलत नाही, तिथे दुप्पट म्हणजे दुप्पटच. आणि मोठ्या फोर्जिंगमधे, म्हणजे ठोकून घडवलेल्या तुकड्यात, घाण नेमकी मध्यावर साठते, भोकाने ती निघून जाते आणि आतून तपासताही येतं, भरीव घेतलीत तर मात्र अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्याच.

माझं मत, या स्पीडला भरीव घ्या, दोन्ही बाजूंचे शाफ्टचे तुकडे डिस्कसकट एकाच फोर्जिंगमधून टर्न करा. मटेरियल आणि मशीनिंग महाग पडेल. बजेट नसेल तर भोक ठेवा पण कीवे नको, फिटचा इंटरफेरन्स, म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा किती जाड ठेवायचा ते, स्पीडचा फुगवटा धरून काढा, आणि स्पीड ४२०० च्या आत ठेवा, तिथे कडेचा ताण भरीवच्या ५१ च्या जवळ येतो.