निविदा समितीचं इतिवृत्त: एकमताचा गुण की सदस्यनिहाय गुणपत्रक?

२०२७ च्या सिंहस्थामुळे नाशकात निविदांची रीघ लागली आहे. समितीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या मित्राने विचारलं, चर्चा करून एकच गुण लिहू, की प्रत्येक सदस्याचं गुणपत्रक जोडू?

वेळेत पहिली पद्धत जिंकते, कागदही कमी.

आव्हान आलं की चित्र पालटतं. समजा, पात्रतेला ७० गुण हवेत आणि एकाला ६८ मिळाले. ‘सर्वानुमते ६८’ एवढंच लिहिलं असेल, तर कापलेले गुण कुठले ते सांगता येत नाही. गुणपत्रकात दिसतं: अनुभवाला २० पैकी १२, १२ आणि १५, सरासरी १३, तीनपैकी एक दाखला उपकंत्राटाचा, निविदेतील अटीनुसार अमान्य. न्यायालय सहसा गुण पुन्हा मोजत नाही, जाहीर निकष पाळले का ते पाहतं. आणि कारण नंतर प्रतिज्ञापत्रात घालून चालत नाही. मोहिंदर सिंग गिल खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. गुणपत्रकांवर सह्या मात्र आर्थिक लिफाफा उघडण्याआधीच हव्यात, नाहीतर दर पाहून गुण दिल्याचा संशय येतो.

फक्त पात्र-अपात्र ठरवून सर्वात कमी दराला काम द्यायचं असेल, तर कारणांसह एकच संयुक्त तक्ता पुरतो. गुणांवर निवड असलेल्या सल्लागाराच्या कामाला सदस्यनिहाय गुणपत्रकच घ्या.