सत्तर मिनिटांचे दशावतारी नाटक व्हॉट्सॲपवर पाठवण्याजोगे करताना : हँडब्रेकचा वापरानंतरचा अनुभव

कुडाळ तालुक्यातील आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकांचे चित्रण मी करतो आणि संपादनानंतर ते मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवतो. जत्रांचा संपूर्ण हंगाम या कामासाठी मी व्हिडिओ फाइल लहान करणारा हँडब्रेक हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम वापरला. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो आणि handbrake.fr या त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ गॅलरीतून निवडून पाठवला की ॲप तो आपल्या पद्धतीने पुन्हा लहान करते, आणि रात्रीच्या चित्रणात पात्रांचे चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी लागते. तशी ती जशीच्या तशी पोहोचते आणि तिची मर्यादा 2 जीबी आहे. मात्र माझ्या लेखी खरी मर्यादा ती नव्हेच. घेणाऱ्याचा दिवसाचा डेटा दीड-दोन जीबी असतो, फोन आधीच भरलेला असतो आणि आमच्या बाजूने एवढी फाइल वर चढवताना रेंज दगा देते. त्यामुळे सत्तर मिनिटांच्या नाटकासाठी मी 500 एमबी हे माप ठरवले.

संपादनाच्या प्रोग्रॅममधून 1080p मध्ये, सेकंदाला 12 मेगाबिट या दराने काढलेली सत्तर मिनिटांची फाइल सुमारे 6.3 जीबीची होते. फाइलचा आकार ठरतो तो दर सेकंदाला खर्च होणाऱ्या बिटांवर, म्हणजे बिटरेटवर, आणि लांबीवर. रिझोल्यूशन नुसते कमी केले आणि बिटरेट तोच ठेवला, तर फाइल तेवढीच राहते. हँडब्रेकमध्ये ‘मला 500 एमबी हवेत’ असे लिहिण्याची जागा नाही, ही त्याची मला जाणवलेली सर्वांत मोठी उणीव. ‘Social’ नावाचे तयार पर्याय आहेत, पण ते काही मिनिटांच्या चित्रफितींसाठी. त्यामुळे हिशेब आपणच करावा लागतो. 500 एमबी म्हणजे 40 लाख किलोबिट, सत्तर मिनिटे म्हणजे 4200 सेकंद, आणि भागाकार येतो सेकंदाला साधारण 952 किलोबिट. त्यातून आवाजासाठी 96 वजा केले की चित्रासाठी 856 उरतात. मी थोडी सूट ठेवून 850 लिहितो.

हा आकडा ‘Video’ टॅबमध्ये ‘Avg Bitrate’ निवडून भरायचा, शेजारचा ‘Multi-Pass Encoding’ हा चौकोन चालू ठेवायचा (जुन्या आवृत्तीत त्याचे नाव ‘2-Pass Encoding’ असे आहे) आणि ‘Dimensions’ मध्ये मर्यादा 720p करायची. दोन फेऱ्यांचा आग्रह विनाकारण नाही. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम संपूर्ण नाटक तपासून कुठे हालचाल जास्त आहे याची नोंद घेतो आणि दुसऱ्या फेरीत त्या नोंदीप्रमाणे बिट वाटतो. दशावतारात हा फरक फार स्पष्ट दिसतो, कारण राजा बाकावर बसून दहा मिनिटे भाषण करतो तेव्हा मागचा पडदा जागचा हलत नाही आणि बिट जवळजवळ लागत नाहीत, तर युद्धाच्या प्रसंगी गिरक्या घेणारी पात्रे, चमकणारी आभूषणे आणि फिरणाऱ्या तलवारी सगळे काही मागतात. भाषणात वाचलेले युद्धाला मिळते.

यामुळेच चाचणी घेताना एक सावधगिरी लागते. ‘Range’ मध्ये ‘Seconds’ निवडून केवळ युद्धाचा एक मिनिट 850 वर काढून पाहिला, तर चित्र चौकोनी ठिपक्यांनी भरलेले दिसते आणि उगाच धीर सुटतो. त्या एका मिनिटाला उसने घ्यायला भाषणाचा भागच उरलेला नसतो. चाचणी ‘Constant Quality’ वर घ्यावी. तेथे RF हा आकडा दर्जा ठरवतो, तो वाढला की दर्जा आणि आकार दोन्ही उतरतात, आणि सहाने वाढवला तर फाइल ढोबळमानाने निम्मी होते. मी 23 वर एक शांत आणि एक धावपळीचा तुकडा काढून दोन्हींचे आकार पाहतो. त्यावरून 850 मध्ये नाटक बसेल की दम कोंडेल याचा अंदाज येतो. नाटक दोन तासांचे असेल, तर त्याच 500 एमबीत चित्राला जेमतेम 459 उरतात. अशा वेळी 720p चा हट्ट सोडून उंची 540 केलेली बरी. फोनच्या पडद्यावर थोडे मऊ चित्र चालते, फुटलेले चालत नाही.

दर्जा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर न पाहता फोन हातभर अंतरावर धरून पाहावा आणि नजर पात्रांमागच्या काळ्या पडद्यावर ठेवावी, कारण बिट कमी पडल्याची पहिली खूण चेहऱ्यावर नव्हे, तर अंधाऱ्या भागात हलणाऱ्या चौकोनांच्या रूपात उमटते. रात्रीच्या चित्रणातील बारीक कण हे त्याचे मोठे कारण आहे. ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असल्याने प्रोग्रॅम त्यांनाही हालचालच समजतो. ‘Filters’ मधील ‘Denoise’ येथे उपयोगी पडते. त्यातील ‘NLMeans’ उत्तम आहे, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर असह्य संथ. ‘HQDN3D’ हलक्या प्रमाणात लावून माझे भागते, त्याहून जास्त लावल्यास रंगभूषेतील बारीक रेघा पुसल्या जातात.

संपादनाच्या सवयीही यामुळे बदलल्या. एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणे, शीर्षकामागे उडणारे चमकते कण, जुन्या फिल्मसारखा दाणेदार परिणाम, या सगळ्यांना आकाराच्या मानाने फार बिट लागतात. साधा काप घेतला की ते बिट नाटकाला राहतात. हातात धरलेल्या कॅमेऱ्याची थरथरही तशीच महाग असल्याने तिवई आता सोडत नाही.

आवाजाची काटकसर मात्र बेताने करावी. सुरुवातीच्या एका फाइलमध्ये आवाज 64 वर होता, तेव्हा मुंबईच्या काकांचा निरोप आला, ‘‘झांज पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी वाटता.’’ झांजेचा चिरका, पसरट नाद कमी बिटांत बांधणे कठीण असते. पेटी आणि मृदंग त्यामानाने सुखरूप राहतात. आमचा माइक एकच असल्याने ‘Mixdown’ मोनो करून 96 दिले की त्याच बिटांत झांज स्वच्छ येते.

व्हिडिओ दाबून बसवण्याची H.265 ही नवी पद्धत वापरल्यास त्याच दर्जासाठी फाइल बरीच लहान होते, तरी गटासाठी मी जुनी H.264 च ठेवतो, कारण गावाकडच्या जुन्या फोनवर H.265 अडखळतो किंवा फक्त आवाज येतो. ग्राफिक्स चिपवर चालणारा वेगवान एन्कोडर तासांचे काम मिनिटांत करतो, पण इतक्या कमी बिटरेटवर त्याचे चित्र प्रोसेसरवर चालणाऱ्या x264 या एन्कोडरपेक्षा उणे दिसते.

एक अडचण आमच्या भागात विशेष जाणवते. वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला, तर अर्धवट MP4 उघडत नाही, कारण फाइलची अनुक्रमणी शेवटी लिहिली जाते, आणि हँडब्रेक थांबल्या जागेवरून पुढे सुरू होत नाही. त्यामुळे दोन फेऱ्यांचे मोठे काम मी ‘Queue’ मध्ये लावून इन्व्हर्टरवर, शक्यतो पावसाळ्याच्या बाहेर, रात्रभर चालू ठेवतो. पावसाळ्यातच हे काम करावे लागले, तर नाटकाचे दोन भाग पाडून ते वेगवेगळे लावतो, म्हणजे वीज गेली तरी एकच भाग पुन्हा करावा लागतो.