९० की ७५?

धाकट्या भावाला मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळचा फोटो वेबसाइटवर टाकायचा होता. जेपेग क्वालिटी ९० ठेवू की ७५, यावर गाडी अडली. मूळ फाइलवरूनच दोन्ही प्रती काढल्या. ९० ची भरली साडेतीन एमबी, ७५ ची जेमतेम दोन.

शंभर टक्के झूमवर लाटा आणि किनाऱ्यावरचे काँक्रीटचे टेट्रापॉड दोन्हीकडे सारखेच. खडबडीत भागात खोट लपते. आकाशात मात्र ७५ उघडं पडलं. जेपेग ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यांतले बारीक फरक गाळतं, म्हणून केशरी-जांभळ्या उतरत्या रंगात चौकोनी पट्टे आले. लाल पाटीच्या अक्षरांच्या कडाही फिसकटल्या. मोबाइलवर हे कुणाच्या बापाला कळणार नाही!

वेबसाइटला ७५ पुरे. मोठा प्रिंट काढायचा असेल तर ९०. पुढे एडिट करायचा असेल तर मूळ फाइलच घे.