अरबी ‘कम्’ : वीस-शंभरची युक्ती काही महिने वापरल्यावर

अरबीत ‘किती’ला ‘कम्’ म्हणतात. पुढच्या नामाचा शेवट ‘अन्’ करायचा, ‘इन्’ करायचा की ‘उन्’, इथे शिकणारे अडखळतात. पाठ्यपुस्तकात दोन कम् वेगवेगळे शिकवतात: प्रश्नाचा कम् आणि उद्गाराचा कम्. नियम पाठ होतात, पण लिहायला बसलं की सरमिसळ होते. त्यावर जुन्या वैयाकरणांच्याच विचारातून आलेली एक युक्ती आहे. कम् हा शब्द न समजता एक आकडा समजायचा, ज्याची किंमत अजून कळलेली नाही. प्रश्न असेल तर तो आकडा वीसच्या जातीचा, उद्गार असेल तर शंभरच्या. आमच्या वाचनगटात काही महिने हीच पद्धत चालवली. आधीच सांगायचं तर प्रश्नांसाठी ती जवळजवळ बिनचूक चालते, उद्गारांसाठी थोडं भान ठेवावं लागतं, आणि एका ठिकाणी ती लावायचीच नसते.

(खाली अरबी उच्चार देवनागरीत दिले आहेत. हलन्त नसलेलं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारायचं. मराठी सवयीने शेवटचा ‘अ’ गिळला तर सगळाच हिशेब चुकतो.)

आधी आकड्यांची वागणूक. तीन ते दहापर्यंत नाम अनेकवचनात आणि ‘इन्’ शेवटाचं. अकरा ते नव्याण्णव नाम एकवचनात आणि ‘अन्’ शेवटाचं. शंभर आणि हजार यांच्यापुढे नाम पुन्हा एकवचनात, पण ‘इन्’ शेवटाचं. ‘यौम’ म्हणजे दिवस. तीन दिवस राहिलो असेन तर ‘सलासत अय्यामिन्’, वीस दिवस ‘इश्रीन यौमन्’, शंभर दिवस ‘मिअत यौमिन्’.

आता प्रश्न. ‘किती दिवस राहिलास?’ याला ‘कम् यौमन् लबिस्त?’ इश्रीनच्या जागी कम् बसवला, बाकी काही हललं नाही. किती पुस्तकं वाचलीस? ‘कम् किताबन् करअ्त?’ मराठी माणूस इथे हमखास एक चूक करतो, आणि ती शेवटाची नसून वचनाची असते. आपण ‘किती पुस्तकं’, ‘किती मुलं’ असंच म्हणतो. त्यामुळे हात आपोआप ‘कुतुब’ (पुस्तकं) लिहायला जातो. प्रश्नार्थक कम् पुढे अनेकवचन येत नाही. वीसची आठवण इथे फार कामाला येते, कारण ‘इश्रीन किताबन्’ एकदा कानात बसलं की ‘कम् कुतुबन्’ ऐकायलाच खटकतं.

युक्तीची दुसरी बाजू अशी की उत्तर देताना कम् सोडून द्यायचा. बरेच जण प्रश्नातलं ‘यौमन्’ तसंच उचलून ‘खम्सत यौमन्’ म्हणतात. पाच दिवस म्हणजे ‘खम्सत अय्यामिन्’. पंधरा दिवस असतील तरच ‘खम्सत अशर यौमन्’. दोन दिवसांना आकडाच लागत नाही, नाम स्वतःच द्विवचनात जातं: ‘लबिस्तु यौमैनि’. प्रश्नातला शेवट उत्तराला लागू होईल असं गृहीत धरू नये. उत्तराचा आकडा कुठल्या जातीचा, एवढंच पाहायचं.

उद्गारात खरी गंमत आहे. ‘कितीतरी पुस्तकं वाचली!’ असं सांगताना कम् शंभरासारखा वागतो: ‘कम् किताबिन् करअ्तु!’ पण त्याला दहासारखंही वागता येतं, म्हणजे ‘कम् कुतुबिन् करअ्तु!’ दोन्ही बरोबर. नाम एकवचनात असो वा अनेकवचनात, शेवट ‘इन्’. मोठी संख्या सूचित करायची असल्याने शंभरच्या जातीतलं एकवचन जास्त भेटतं, आणि आपणही शंकेच्या वेळी तेच लिहावं.

स्वर न लिहिलेल्या मजकुरात दोन्ही कम् ओळखायचे कसे, हे एका वाक्यावर बघण्यासारखं आहे. ‘मर्रा’ म्हणजे वेळा, खेप. ‘किती वेळा सांगितलंस त्याला?’ हे ‘कम् मर्रतन् कुल्त लहू?’ आणि ‘किती वेळा सांगितलं मी त्याला!’ हे ‘कम् मर्रतिन् कुल्तु लहू!’ छापील मजकुरात दोन्ही वाक्यं अक्षरशः सारखी दिसतात. ‘मर्रा’च्या शेवटी दोन टिंबांचं गोल अक्षर, ता मर्बूता, येतं आणि त्यावर ‘अन्’साठी जादा अलिफ लावत नाहीत. ‘कुल्त’ आणि ‘कुल्तु’ यांतला फरकही फक्त शेवटच्या स्वराचा, तोही छापलेला नसतो. अशा वेळी उरतात विरामचिन्ह आणि पुढचं वाक्य. पुढे आकडा आला तर प्रश्न होता. पुढे तक्रार सुरू झाली तर उद्गार.

‘यौम’ किंवा ‘किताब’ असेल तर मात्र काम सोपं होतं, कारण ‘यौमन्’, ‘किताबन्’ लिहिताना शेवटी अलिफ उभा राहतो. कम् नंतरच्या नामाला अलिफ दिसला की बहुधा प्रश्न. अलिफ नाही आणि ता मर्बूताही नाही, तर बहुधा उद्गार. नाम अनेकवचनात दिसलं तर उद्गारच. या अनेकवचनांत एक खोडकर प्रकार आहे. ‘मसाजिद’सारखी (मशिदी) काही अनेकवचनं ‘इन्’ घेतच नाहीत, त्या जागी नुसता ‘अ’ येतो. ‘कम् मसाजिद जुर्तु!’ (कितीतरी मशिदी पाहिल्या!) यात तो ‘अ’ पाहून कुणी प्रश्नार्थक म्हणेल. वचन पाहिलं की तो गोंधळ मिटतो.

काळही मदतीला येतो. उद्गाराचा कम् झालेल्या गोष्टींबद्दलच बोलतो. ‘कितीतरी पुस्तकं घेणार आहे!’ याला तो चालत नाही, कारण जे अजून झालंच नाही त्याची मोजदाद कशी करणार? क्रियापद भविष्यातलं असेल तर तो प्रश्न समजावा.

कम् आणि नाम यांच्यामध्ये दुसरा शब्द शिरला की वीस-शंभरचं गणित थोडं सैल होतं. प्रश्नात फारसं बिघडत नाही. ‘कम् इंदक किताबन्?’ (तुझ्याकडे पुस्तकं किती?) चालतं, शेवट ‘अन्’च राहतो. कुराणात 23व्या सूरेच्या 112व्या आयतीत ‘कम् लबिस्तुम् फिल्-अर्दि अदद सिनीन’ आहे: पृथ्वीवर किती वर्षं राहिलात? इथे ‘अदद’ (संख्या) हे कम्चं नाम, बरंच लांब जाऊन पडलेलं. त्याला ‘अन्’ऐवजी ‘अ’ आहे, कारण त्याला लगेच ‘सिनीन’ (वर्षं) जोडलं आहे.

उद्गारात मात्र अंतर पडलं की ‘इन्’ची पकड सुटते. तिथे एकतर नाम ‘अन्’ शेवटाचं होतं, नाहीतर ‘मिन्’ मदतीला येतो. आणि मधला शब्द कर्म घेणारं क्रियापद असेल तर ‘मिन्’ लागतोच. ‘कम् तरकू मिन् जन्नातिन् व उयूनिन्’ (44:25), म्हणजे कितीतरी बागा आणि झरे त्यांनी मागे सोडले. ‘मिन्’ काढला तर बागा हे ‘सोडले’चं साधं कर्म वाटेल आणि मोजण्याचा अर्थ निसटेल. अंतर नसतानाही ‘मिन्’ येऊ शकतो: ‘कम् मिन् फिअतिन् कलीलतिन्’ (2:249), कितीतरी लहान तुकड्या. ‘मसाजिद’सारखे शब्द सोडले तर ‘मिन्’ नंतर नेहमी ‘इन्’, त्यामुळे उद्गारात शंका आली की ‘मिन्’ घालावा, हा आमच्या गटातला सर्वांत उपयोगी ठरलेला शॉर्टकट.

शेवट बदलला की अर्थ कसा फिरतो याचा नमुना म्हणून व्याकरणाच्या ग्रंथांत फरज्दकची एक ओळ येते. तो आणि जरीर हे उमय्या काळातले कवी एकमेकांवर निंदाकाव्यं रचत. ओळीची सुरुवात ‘कम् अम्मतिन् लक या जरीरु’, म्हणजे जरीर, तुझ्या कितीतरी आत्यांनी (माझ्या सांडणींचं दूध काढलं). ‘अम्मतिन्’ वाचलं तर उद्गार. ‘अम्मतन्’ वाचलं तर कुत्सित प्रश्न: सांग बघू, किती आत्या? आणि ‘अम्मतुन्’ वाचलं तर आत्या हा कर्ता होतो, कम्चं मोजायचं नाम ‘वेळा’ हे दडून राहतं: तुझ्या आत्याने कितीदा तरी हे काम केलं. तिन्ही वाचनं परंपरेत नोंदलेली आहेत.

आता जिथे युक्ती लावायचीच नाही ती जागा. कम् पुढचं नाम निश्चित असेल, म्हणजे त्याला ‘अल्’ लागला असेल किंवा ‘तुझं’, ‘याचं’ असं काही जोडलं असेल, तर ते मोजायचं नामच नव्हे. ‘कमिस्-साअतु?’ (किती वाजले?), ‘कम् उम्रुक?’ (तुझं वय किती?), ‘कम् समनुहू?’ (याची किंमत किती?) या सगळ्यांत शेवट ‘उ’. आपण वयं मोजत नाही, वय किती ते विचारतो. मोजलं जाणारं नाम (वर्षं, रियाल) बोललेलंच नसतं. वीसची सवय पक्की झालेले लोक नेमके इथेच ‘उम्रक’ म्हणून बसतात, त्यामुळे हा अपवाद पहिल्याच दिवशी शिकवावा.

न मोजता येणाऱ्या वस्तूंनाही मराठीतला ‘किती’ सरळ लागतो: किती पाणी, किती साखर. अरबीत मधे माप घालावं: ‘कम् लित्रन् मिनल्-माइ?’ म्हणजे किती लिटर पाणी. आजच्या लेखनात ‘कम् मिनल्-वक्ति’ (किती वेळ) अशीही रचना सर्रास दिसते. शेवट तिथे ‘मिन्’ ठरवतो.

बाजारातला ‘बिकम्’ म्हणजे ‘केवढ्याला’. कम्ला आधी ‘बि’सारखं अव्यय लागलं की प्रश्नातही सूट मिळते: ‘बिकम् रियालन्’ही बरोबर, ‘बिकम् रियालिन्’ही बरोबर. परीक्षेत दोन्हींपैकी कुठलंही लिहिलं तर मार्क कापू नयेत. दुकानात मात्र बहुधा ‘बिकमिल्-कीलू?’ एवढंच विचारतात, आणि ‘कीलू’ निश्चित असल्याने वरचा ‘उ’चा नियम लागतो, फक्त शेवटी दीर्घ स्वर असल्याने काही ऐकू येत नाही.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांनी याचं ओझं घेऊ नये. बोलीत हे शेवट उच्चारतच नाहीत. पण एकवचन बोलीतही टिकून आहे, ‘कम् रियाल’, ‘कम् यौम’. तिथे अनेकवचन वापरलं की परका माणूस लगेच ओळखू येतो.